पेपरवर नाव तुमचं, आकडे संशयास्पद: पुण्यातल्या नव्या पीएचडी स्कॉलरने काय करावं

पीएचडीला लागून सहा-आठ महिने झालेत. सिनियरच्या पेपरमध्ये तुमचं नाव दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी घातलंय. सरांचा मेसेज येतो: "ड्राफ्ट बघून ठेव, शुक्रवारी सबमिट करू." तुम्ही टेबल उघडता आणि आकडे जरा जास्तच सरळ वाटतात. पुढे काय करायचं हे कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत. रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा पेपर तुम्ही दिलेला असतो, पण त्यात व्याख्या असतात. शुक्रवारच्या आत सरांच्या केबिनमध्ये जाऊन कोणतं वाक्य बोलायचं हे नसतं.

मी या प्रकारातून गेले आहे, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये. म्हणून उदाहरणही तिथलंच घेते. विषय वेगळा असला तरी पायऱ्यांचा क्रम हाच राहील.

१. संशय येण्याआधीच हाताशी असाव्यात अशा गोष्टी

- पानांवर क्रमांक असलेली, तारखा घातलेली स्वतःची लॅब वही. सुट्या कागदावरचं रिडिंग त्याच दिवशी वहीत उतरवा. चुकलं तर एक रेघ मारा, व्हाइटनर नको.
- मशीनमधून निघालेली मूळ फाइल, न हलवलेली. आलेख काढायचा तो तिच्या कॉपीवर.
- पेपरच्या प्रत्येक ड्राफ्टची प्रत, आली त्या ईमेलसकट.
- लॅबमधली रजिस्टरं कुठे असतात याची माहिती: मीडिया प्रिपरेशन, ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर.
- लॅबमध्ये आल्यावर पहिल्या महिन्यातच सरांशी लेखकांच्या नावांबद्दल झालेलं बोलणं, आणि त्यानंतर तुम्ही पाठवलेला दोन ओळींचा मेल.

शेवटच्या मुद्द्याला नवखी मुलं लाजतात. "आत्ताच आलोय आणि नावाचं विचारू?" विचारा. तेव्हा विचारलं तर ते कामाचं नियोजन ठरतं, पेपर तयार झाल्यावर विचारलं तर तीच तक्रार होते.

इथला सापळा असा की लॅब वही ही लॅबची असते, तुमची खासगी नव्हे. ती घरी नेऊ नका. स्वतःच्या नोंदींचे फोटो ठेवायलाही लॅबच्या नियमांत परवानगी आहे का ते आधी बघा. पुढे काही झालं तर "हिने डेटा बाहेर नेला" हा आरोप मूळ प्रश्नाला झाकून टाकतो.

२. आधी मोजा, मग बोला

नुसतं "काहीतरी खटकतंय" म्हणून कुणाकडे जाऊ नका. आपला संशय आकड्यात मांडता येतो का ते बघा.

समजा, एका वनस्पतीचा अर्क बॅक्टेरिया किती वेळात मारतो हे तपासलं आहे. ०, २, ४, ८ आणि २४ तासांनी नमुना काढायचा, डायल्यूट करून प्लेटवर पसरवायचा, ३७ अंशांना रात्रभर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी कॉलन्या मोजायच्या. दर वेळी तीन प्लेट्स. सिनियरच्या टेबलमध्ये असं दिसतं:

० तास: १४६, १४७, १४५
२ तास: १२१, १२२, १२३
४ तास: ९७, ९६, ९८
८ तास: ६२, ६३, ६१

बघायला सुंदर आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. एकाच नळीतून तीन प्लेट्सवर समान थेंब टाकले तरी प्रत्येक थेंबात किती जिवाणू येतील हे नशिबावर असतं. असे नग मोजताना किमान जी चढउतार यायलाच हवी ती सरासरीच्या वर्गमुळाइतकी असते. सरासरी १४६ असेल तर स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १२ यायला हवं. इथे ते १ आहे. हात कितीही सफाईदार असला तरी ही चढउतार त्याखाली जात नाही. पिपेटची चूक, जिवाणूंचे गठ्ठे, मोजणाऱ्याचे थकलेले डोळे, या सगळ्यांनी ती वाढतेच.

आता सोपा हिशेब करा. प्रत्येक ओळीसाठी व्हेरियन्सला, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनच्या वर्गाला, सरासरीने भागा. खऱ्या मोजणीत उत्तर १ च्या अवतीभवती येतं. कधी ०.३, कधी २.५, पण बऱ्याच ओळी घेतल्या की सरासरी १ किंवा त्याहून जास्त. तुमच्या स्वतःच्या वहीतली एक ओळ घ्या, म्हणजे अंदाज येईल. समजा १३१, १५८, १४२. सरासरी १४३.६७, व्हेरियन्स १८४, भागाकार १.२८. ठीक. सिनियरच्या पहिल्या ओळीचा भागाकार १ भागिले १४६, म्हणजे ०.००७.

तीन प्लेट्स असतील आणि भागाकार इतका लहान असेल, तर तो आकडा म्हणजेच इतका एकसारखा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता, ढोबळमानाने. ०.००७ म्हणजे हजारात सात वेळा. तेव्हा एखादी अशी ओळ सापडली तर गप्प बसा, होतं असं. पण चारही ओळी अशाच आहेत. चारही शक्यतांचा गुणाकार केला तर साधारण दहा कोटींत एकदा.

हे काही नवं शास्त्र नाही. १९३६ साली रोनाल्ड फिशरने मेंडेलच्या वाटाण्यांचे आकडे असेच तपासले होते आणि ते अपेक्षेपेक्षा जास्तच जुळतात असं दाखवलं होतं. त्यावर वाद अजून चालू आहे, आणि मेंडेलचे नियम तर बरोबरच आहेत. निष्कर्ष खरा असला म्हणून त्याखालचे आकडेही खरेच असतील असं नाही.

दुसरी तपासणी दशांशाची. कॉलन्या पूर्ण संख्येत येतात. त्यामुळे तीन प्लेट्सच्या सरासरीचा शेवट .००, .३३ किंवा .६७ असाच होऊ शकतो. टेबलमध्ये २४ तासांसमोर "३८.५, एन = ३" लिहिलं असेल तर काहीतरी चुकलंय. कदाचित एक प्लेट कंटॅमिनेट झाली म्हणून फेकली आणि एन बदलायचं राहिलं.

तिसरी तपासणी कागदाची, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी. नमुना काढायच्या पाच वेळा, दर वेळी तीन डायल्यूशन, प्रत्येकाच्या तीन प्लेट्स म्हणजे ४५. कंट्रोल धरून ९०. पेपरमध्ये "प्रयोग तीनदा केला" म्हटलं असेल तर २७०. एका प्लेटला २० मिली अगार धरला तर जवळपास साडेपाच लिटर. आता मीडिया रजिस्टर उघडा. त्या महिन्यात सिनियरच्या नावावर अर्धा लिटर अगार दिसत असेल तर त्यात २५ प्लेट्स होतात. तारखाही बघा. लॅब पेठेत आहे, आणि रात्रीचं रिडिंग अनंत चतुर्दशीचं आहे, मग कोण आलं होतं, कुठल्या रस्त्याने? ही थट्टा वाटेल, पण गेटवरच्या रजिस्टरमध्ये उत्तर असतं.

३. साधी कारणं स्वतःच शोधून बघा

इथे घाई करणारे पुढे तोंडघशी पडतात. वरच्या प्रत्येक गोष्टीला निरुपद्रवी कारण असू शकतं. टेबलमधले तीन आकडे कदाचित तीन प्लेट्सचे नसून तीन वेगवेगळ्या दिवसांच्या सरासऱ्या असतील, आणि सरासऱ्यांची चढउतार कमी असते. कदाचित अगार दुसऱ्याच्या नावावर बनवला असेल, आमच्याकडे तर हे रोजचं होतं. कदाचित रेडीमेड प्लेट्स विकत आणल्या असतील.

मधला एक प्रकारही आहे. सिनियरने पाच प्लेट्स मोजल्या आणि त्यातल्या जवळजवळच्या तीन निवडल्या. त्याला यात खोटं काही वाटत नसतं, "बाकीच्या खराब होत्या" एवढंच. न केलेलं रिडिंग लिहिणं ही बनावट, केलेली रिडिंग सोयीप्रमाणे गाळणं ही फेरफार. दोन्ही गैरवर्तनच, पण बोलताना त्यांत गल्लत करू नका. प्लेट गाळता येते, फक्त कधी गाळायची याचा नियम आधी ठरलेला हवा आणि पेपरमध्ये लिहिलेला हवा. प्रामाणिक चूक मात्र या कशातच मोडत नाही.

म्हणून आधी सिनियरकडे जा, एकट्याने, डबा खायच्या वेळी नाही. आरोप न करता मागा: "दादा, मला मेथड्स सेक्शन लिहायचाय. या टेबलच्या मूळ मोजणीचं वहीतलं पान दाखवशील का? प्लेट्सचे फोटो असतील तर तेही." सहलेखक म्हणून हे मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दहापैकी बहुतेक वेळा वही येते, चूक सापडते, टेबल दुरुस्त होतं आणि विषय तिथेच संपतो.

वही येत नाही तेव्हा उत्तरं ठरावीक असतात: लॅपटॉप फॉरमॅट झाला, वही जुन्या लॅबमध्ये राहिली, सरांना माहितीये. यातलं एखादं खरंही असू शकतं. बेल लॅब्जमधल्या यान हेन्ड्रिक श्यॉन या भौतिकशास्त्रज्ञाच्या बनावट डेटाच्या प्रकरणात २००२ साली चौकशी समितीला मूळ डेटा मिळालाच नाही, कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती म्हणून फाइली पुसल्या असं त्याने सांगितलं. पकडला गेला तो वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत हुबेहूब सारखा नॉइज निघाला म्हणून. मूळ डेटा नसल्यामुळे बनावट सिद्ध होत नाही, पण तो आकडा पेपरमध्ये जाऊ नये एवढं नक्की ठरतं. तुम्हाला सध्या तेवढंच हवं आहे.

४. सरांच्या केबिनमध्ये

गाइडला आपण काय देणं लागतो? खरं रिडिंग, वेळेवर. न छापलेलं काम बाहेर न बोलणं. त्यांनी सुचवलेल्या कल्पनेचं श्रेय. आणि लॅबमध्ये काही बिघडलं तर ते बाहेरच्याआधी त्यांना कळवणं, कारण पेपरला जबाबदार म्हणून पहिला फोन त्यांनाच येणार. पाहिल्याशिवाय सही करणं या यादीत नाही.

त्यामुळे, संशय खुद्द सरांवरच नसेल तर, सिनियरनंतरची पायरी तेच. वेळ मागून जा. एक पानाचा कागद न्या: टेबल, चार ओळींचे भागाकार, मीडिया रजिस्टरच्या तारखा. निष्कर्ष लिहू नका. "बनावट" हा शब्द कागदावरही नको, तोंडातही नको.

"सर, टेबल दोनची ट्रिप्लिकेट्स अपेक्षेपेक्षा खूप जवळ आहेत. मूळ पानं मला मिळाली नाहीत. मी हा भाग स्वतः परत करून बघू का? आठवडाभर लागेल."

या वाक्यात सरांना बाहेर पडायला सन्मानाची वाट आहे. चांगला गाइड ती लगेच घेतो, आणि पुण्यात असे गाइड भरपूर आहेत. काही जण आधी चिडतात: "अगं, पाच वर्षं काम करतोय तो, तू त्याला स्टॅटिस्टिक्स शिकवणार?" चिडू द्या. दोन दिवसांनी बोलावून प्रयोग परत करायला सांगतात.

बाहेर आल्यावर त्याच दिवशी मेल करा: "आज आपण बोललो त्याप्रमाणे टेबल दोनचा प्रयोग मी पुन्हा करत आहे. तोपर्यंत सबमिशन थांबवावं ही विनंती." धमकीचा सूर नको, व्हॉट्सअ‍ॅप नको, आणि लॅबच्या ग्रुपवर तर मुळीच नको.

प्रयोग परत करताना एक खबरदारी घ्या. तुमचे आकडे सिनियरपेक्षा वेगळे आले तर त्याने त्याचे खोटे ठरत नाहीत. स्ट्रेन, अर्काची बॅच, मीडियाचा लॉट बदलला की निकाल हलतो. तुमची पुनरावृत्ती टेबल बदलायला पुरेशी आहे, माणसाला दोषी धरायला नाही.

५. नावाचा प्रश्न

समजा सर म्हणाले, "पटत नसेल तर तुझं नाव काढतो." ऐकायला हे सुटका वाटतं, पण तेवढ्यावर होकार देऊ नका.

वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची समिती, आयसीएमजेई, लेखक होण्यासाठी चार अटी सांगते आणि इतर शाखांतही त्या मानल्या जातात. कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा गंभीरपणे सुधारण्यात सहभाग, अंतिम प्रतीला संमती, आणि संपूर्ण पेपरबद्दल उत्तर द्यायची तयारी. चारही हव्यात. आकड्यांवर विश्वास नसेल तर तिसरी आणि चौथी तुम्ही पूर्ण करत नाही, तेव्हा नाव काढणं योग्यच. पण आकृती तीनमधला डेटा तुमचा असेल तर? मग तुमचं नाव काढून तुमचा डेटा ठेवणं ही दुसरी चूक होते. म्हणून लेखी उत्तर एकच: "माझी संमती नाही. माझं नाव काढावं, आणि आकृती तीनचा डेटा माझ्या लेखी परवानगीशिवाय वापरू नये." डेटा संस्थेचा असल्यामुळे ही मागणी मान्य होईलच असं नाही. पण ती नोंदवलेली असली की पुढे चौकशीत तुमची बाजू स्पष्ट राहते.

उलटही घडतं. प्रश्न विचारल्यावर तुमचं नाव गुपचूप गायब होतं आणि मधल्या जागी एचओडींचं येतं. तेव्हा आयसीएमजेईच्या अटींपुढे प्रत्येकाचं काम लिहून काढा आणि आधी करस्पाँडिंग ऑथरला विचारा. जर्नलला लिहिलंत तर एवढं धरून चाला की संपादक कोण लेखक हे ठरवत नाहीत. सगळ्या लेखकांची लेखी सहमती मागतात, नाही मिळाली तर प्रकरण संस्थेकडे पाठवतात आणि तोवर पेपर थांबवतात. थांबवणं हेच तुमच्या हातातलं खरं साधन. पेपर छापून आल्यावर तेच करायला कित्येक महिने जातात.

"पेपर नसेल तर थीसिस सबमिट होणार नाही" हे वाक्य याच वेळी ऐकवलं जातं. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीत थीसिसआधी पेपर छापण्याची सक्ती नाही. तुमच्या विद्यापीठाची किंवा रिसर्च सेंटरची स्वतःची अट आहे का हे पीएचडी विभागातून लेखी घ्या, कॉरिडॉरमधल्या सिनियरकडून नको.

६. वर जायची वेळ आली तर

सरांनी टाळलं, किंवा संशय त्यांच्यावरच आहे, तर पुढच्या दाराची निवड नीट करा. इथे तीन सापळे आहेत.

पहिला: रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटी. दर सेमिस्टरला तिच्यासमोर प्रेझेंटेशन असतं, म्हणून तीच जागा योग्य वाटते. पण तिचे निमंत्रक तुमचे गाइडच असतात. तक्रार तिथे मांडायची तर आधी समितीतल्या दुसऱ्या सदस्याशी बोलून ठेवा.

दुसरा: अकॅडेमिक इंटेग्रिटी पॅनेल. विभागाचं आणि संस्थेचं अशी दोन पॅनेलं यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी आली, पण ते नियम वाङ्मयचौर्यासाठी आहेत. बनावट आकड्यांची तक्रार तिथे "आमच्या कक्षेत नाही" म्हणून परत येऊ शकते. आणि सिमिलॅरिटी रिपोर्ट सहा टक्के आला म्हणून पेपर स्वच्छ, असं कुणी म्हणालं तर ओळखा की त्यांना प्रश्नच कळलेला नाही. बनवलेले आकडे कुणाचे चोरलेले नसतात, सॉफ्टवेअरला ते शंभर टक्के मूळच दिसतात. म्हणून अर्ज संस्थेच्या संचालकांना किंवा प्राचार्यांना द्या, विद्यापीठाशी संलग्न सेंटर असेल तर प्रत पीएचडी विभागाला, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत असाल तर त्यांची स्वतःची एथिक्स मार्गदर्शक तत्त्वं आहेत, अर्जात त्यांचाच आधार घ्या.

तिसरा: एकट्याने जाणं. २०११ साली नेदरलँड्समध्ये टिलबर्ग विद्यापीठाच्या डिडेरिक स्टापेलचे बनावट सर्वेक्षण-आकडे त्याच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी उघड केले. ते त्याच्याकडे गेले नाहीत. बरेच महिने विसंगती गोळा केल्या, मग विभागप्रमुखाकडे गेले. तुमच्या लॅबमध्ये आणखी कुणाला तेच दिसलं असेल तर अर्जावर दोन सह्या असू द्या.

अर्जासोबत काय जोडायचं: ड्राफ्ट ज्या ईमेलने आला तो, टेबलची प्रत, तुमचा हिशेब, मूळ पानं मागितल्याचे मेल, सरांना पाठवलेला मेल, आणि कोणती रजिस्टरं तपासावीत याची यादी. रजिस्टरं स्वतः उचलून आणू नका, ती ताब्यात घ्यायला सांगा. मजकूर दोन पानांच्या आत, विशेषणं शून्य.

निकालाबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. २००७ साली पुण्यातल्या एका राष्ट्रीय संस्थेतून गेलेला पेपर जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीने मागे घेतला, वाद वेस्टर्न ब्लॉटच्या चित्रांच्या पुनर्वापराचा होता. संस्थेने नेमलेल्या समितीने गैरप्रकार नाही असं म्हटलं, सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज या स्वतंत्र संस्थेने तीच चित्रं पाहून उलट निष्कर्ष काढला. तेव्हा समिती तुमच्या बाजूने बोलेल यावर योजना बांधू नका. पेपरमधून तुमचं नाव आणि तुमची संमती बाजूला निघाली, एवढ्यावर बांधा.

पेपरांवर शंका मांडायच्या पबपीअर या वेबसाइटवर निनावी लिहिता येतं, पण ते छापलेल्या पेपरसाठी आहे. आणि पाच जणांच्या लॅबमध्ये निनावी राहायला मीडिया रजिस्टरचा उल्लेख टाळावा लागतो, म्हणजे तुमचा सगळ्यांत भक्कम पुरावाच गेला.

७. फेलोशिप आणि गाइड बदल

अर्ज देण्याआधी फेलोशिपचं बघा. जेआरएफ असो, बार्टी असो की सारथी, प्रगती अहवालावर गाइडची सही लागते. तिमाही नुकतीच संपली असेल तर आधी तो अहवाल सही करून जमा करा, मग अर्ज द्या. यात काही गैर नाही, अहवाल खराच आहे. खोलीभाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं.

गाइड बदलायचा असेल तर आधी नव्या गाइडकडे जागा आहे का ते विचारा: प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार स्कॉलर, एवढीच मर्यादा आहे. नव्या गाइडला पूर्ण हकीकत सांगा, पण जुन्या लॅबमधला न छापलेला डेटा सोबत नेऊ नका. तुम्ही स्वतः केलेलं काम थीसिसमध्ये हवं असेल तर त्याची यादी, तारखांसकट, जुन्या गाइडला पाठवा, संमती मागा, आणि प्रत विभागप्रमुखांना ठेवा. उत्तर आलं नाही तर तो भाग नव्याने करायचा हिशेब धरा. वरच्यासारख्या एका टाइम-किल प्रयोगाला, तीनदा करून, पाच-सहा आठवडे लागतात.